आडव्या चित्रणातून उभा व्हिडिओ: मुख्य विषय चौकटीबाहेर जाऊ न देता

आडव्या चौकटीत चित्रित केलेला व्हिडिओ रील किंवा शॉर्टसाठी उभा करायचा म्हटले की बहुतेक जण चित्र मोठे करून मधला भाग ठेवतात आणि कडेचे सोडून देतात. एकच माणूस मध्यभागी बसून बोलत असेल, तर एवढ्याने काम भागते. पण समोरासमोर बसलेली दोन माणसे किंवा बोलणारा चेहरा आणि काम करणारे हात चित्रात आले की या पद्धतीने नेमके हवे तेच कापले जाते आणि मध्ये रिकामे टेबल उरते. या लेखात असेच एक अवघड उदाहरण घेतले आहे. टेबलाच्या दोन बाजूंना दोन व्यक्ती आहेत, एकाच कॅमेऱ्याने दोघांना एकत्र टिपले आहे, आणि मधल्या वस्तूलाही माणसांइतकेच महत्त्व आहे. हे उदाहरण हाताळता आले की त्याहून सोपे शॉट त्याच रीतीने सुटतात.

आधी हिशेब: हाती किती रुंदी उरते

१६:९ प्रमाणाच्या आडव्या चित्राची पूर्ण उंची राखून त्यातून ९:१६ ची उभी पट्टी कापली, तर मूळ रुंदीपैकी फक्त ३१.६ टक्के भाग शिल्लक राहतो. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश चित्र टाकून द्यावे लागते, आणि हे प्रमाण कॅमेरा कितीही चांगला असला तरी बदलत नाही. कॅमेऱ्याच्या रिझोल्यूशनने ठरतो तो उरलेल्या पट्टीचा स्पष्टपणा. ३८४० × २१६० आकाराच्या फोर-के चित्रातली ही पट्टी १२१५ पिक्सेल रुंद असते आणि १०८० × १९२० च्या उभ्या चौकटीत बसवण्यासाठी ती ८८.९ टक्क्यांवर आणावी लागते. चित्र लहान होत असल्यामुळे स्पष्टपणा टिकतो, शिवाय १०० टक्क्यांपर्यंत मोठे करण्याची मोकळीकही राहते. १९२० × १०८० च्या चित्रात मात्र ही पट्टी जेमतेम ६०७ पिक्सेलची असते आणि तिला १७७.८ टक्क्यांपर्यंत ताणावे लागते. चेहऱ्याचे जवळचे चित्र एवढा ताण बऱ्यापैकी सोसते, पण केस, कापडाचा पोत, लहान अक्षरे आणि अंधारातले दाणेदार चित्र सोसत नाही.

या हिशेबातून प्रत्येक शॉटला लावण्याची एक कसोटी मिळते. त्या क्षणी प्रेक्षकाला जे दिसलेच पाहिजे, त्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतचे अंतर मूळ रुंदीच्या किती टक्के आहे, ते पाहावे. ते पंचवीस टक्क्यांच्या आत असेल, तर उभी चौकट निर्धास्तपणे वापरता येते. पंचवीस ते एकतीसच्या दरम्यान असेल, तर चौकट बसते, पण कडा अंगावर येतात. त्याहून जास्त असेल, तर एका उभ्या चौकटीत ते मावणार नाही हे मान्य करून दुसरा उपाय निवडावा लागतो. ही मोजणी डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. मूळ आडव्या टाइमलाइनवर ९:१६ ची अर्धपारदर्शक पट्टी चित्र म्हणून सर्वांत वरच्या ट्रॅकवर ठेवावी आणि ती डावी-उजवीकडे सरकवत प्रत्येक शॉट पाहावा. काय मावते आणि काय मावत नाही, हे काही मिनिटांत उघड होते.

टाइमलाइन तयार करणे

शक्य असेल तेव्हा काम मूळ चित्रणावर किंवा संपादित टाइमलाइनच्या प्रतीवर करावे, तयार होऊन बाहेर पडलेल्या फाइलवर करू नये. तयार फाइलमध्ये नावाच्या पट्ट्या, चिन्हे आणि उपशीर्षके चित्रात मिसळून गेलेली असतात आणि उभी चौकट कापताना ती हमखास अर्धवट तुटतात. हाती फक्त तयार फाइलच असेल, तर अशा पट्ट्या असलेले क्षण निवडीतून वगळणेच इष्ट, कारण तुटलेली अक्षरे झाकण्याचे सगळे प्रयत्न प्रेक्षकाच्या लक्षात येतात.

प्रत केलेल्या सिक्वेन्सचा आकार १०८० × १९२० करावा आणि फ्रेमरेट मूळ चित्रणाचाच ठेवावा. पंचवीस फ्रेमचे चित्रण तीसच्या सिक्वेन्समध्ये टाकले, तर काही फ्रेम दोनदा येतात आणि पुढे चौकट सरकवताना प्रत्येक हालचालीत बारीक झटका जाणवतो.

प्रीमियर प्रोमध्ये काम करणाऱ्यांनी एका गोष्टीची खास काळजी घ्यावी. क्लिपवर Scale to Frame Size हा पर्याय चालू असेल, तर सॉफ्टवेअर आधी चित्र सिक्वेन्सच्या रुंदीत बसेल इतके लहान करते आणि मग ते लहान झालेले चित्रच आपण मोठे करत बसतो. फोर-के चित्रण असूनही परिणाम धूसर येतो आणि कारण सापडत नाही. याची खूण सोपी आहे. चौकट भरण्यासाठी Scale चा आकडा ८८.९ च्या आसपास लागण्याऐवजी तीनशेच्या वर न्यावा लागत असेल, तर हा पर्याय चालू आहे असे समजावे आणि क्लिपवर उजवी क्लिक करून तो काढून टाकावा.

चित्रण हाताने केलेले आणि हलते असेल, तर ते आधी आडव्या सिक्वेन्समध्येच स्थिर करून घ्यावे. प्रीमियरचा Warp Stabilizer क्लिप आणि सिक्वेन्स यांचा आकार सारखा असल्याशिवाय चालत नाही. म्हणून आडव्या सिक्वेन्समध्ये चित्र स्थिर करून तो संपूर्ण सिक्वेन्स उभ्या टाइमलाइनवर नेस्ट करून आणावा लागतो. क्रम महत्त्वाचा असण्याचे दुसरेही कारण आहे. उभ्या पट्टीत चित्र मोठे दिसते, म्हणून आडव्या चित्रात न जाणवणारा कंपही तिथे डोळ्यांना खुपतो.

उदाहरण: घड्याळाचा कारागीर आणि निवेदिका

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. फोर-के आडवे चित्रण, पंचवीस फ्रेमचे, कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर. डावीकडे निवेदिका बसली असून तिचा चेहरा मूळ रुंदीच्या २४ टक्क्यांवर आहे. उजवीकडे घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर आहेत आणि त्यांचा चेहरा ७० टक्क्यांवर आहे. त्यांच्या हातातले घड्याळ टेबलाच्या उंचीवर ५८ टक्क्यांच्या रेषेत दिसते. कारागीर झाकण उघडून आत काय बिघडले आहे ते सांगतात, निवेदिका प्रश्न विचारते, मग घड्याळ तिच्या हातात दिले जाते, आणि शेवटी ते चालू झाल्यावर दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी आनंद उमटतो.

कसोटी लावली की लगेच दिसते की दोन्ही चेहऱ्यांमध्ये ४६ टक्क्यांचे अंतर आहे, त्यामुळे ते एका उभ्या चौकटीत कधीच मावणार नाहीत. पण कारागिरांचा चेहरा आणि घड्याळ यांत फक्त १२ टक्क्यांचे अंतर आहे, म्हणजे ही जोडी आरामात बसते. या एका निरीक्षणातून पुढची सगळी रचना निघते. चौकट दोन माणसांमध्ये वाटायची, आणि घड्याळ ज्याच्या हातात असेल त्याच्या वाट्याला जाऊ द्यायचे.

चौकटीची जागा ठरवण्यासाठी अंदाजाने चित्र ओढण्यापेक्षा आकडा काढणे सोपे पडते. उभ्या सिक्वेन्समध्ये ८८.९ टक्क्यांवर ठेवलेले चित्र ३४१३ पिक्सेल रुंद असते. मूळ चित्रातला जो बिंदू चौकटीच्या मध्यावर यायला हवा, त्याचे स्थान शून्य ते एकच्या मापात f मानले, तर Position चा पहिला आकडा असा मिळतो:

```
X = 540 + (0.5 - f) * 3413
```

कारागिरांसाठी चेहरा आणि हात यांच्या मधला ६५ टक्क्यांचा बिंदू मध्यावर घेतला, तर f ०.६५ होतो आणि X २८ येतो. या चौकटीत मूळ चित्राचा ४९ ते ८१ टक्क्यांचा भाग दिसतो. चेहरा मध्यापासून थोडा उजवीकडे आणि घड्याळ थोडे डावीकडे येते, आणि ते ज्या दिशेने पाहत आहेत तिकडे मोकळी जागा राहते. निवेदिकेच्या बाबतीत चेहरा थेट मध्यावर आणण्याचा मोह टाळावा. ती उजवीकडे पाहत आहे, म्हणून २४ ऐवजी २८ टक्क्यांचा बिंदू मध्यावर घ्यावा. तेव्हा X १२९१ येतो, चेहरा थोडा डावीकडे राहतो आणि नजरेपुढे जागा मिळते. उभ्या चौकटीत ही जागा फार थोडी असते, पण ती अजिबात नसली, तर बोलणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखी दिसते आणि पुढच्या कटमध्ये समोरच्या माणसाशी तिचा संबंध जुळत नाही.

या दोन चौकटींबद्दल आणखी एक गोष्ट पाहावी. निवेदिकेची चौकट १२ ते ४४ टक्क्यांची आहे आणि कारागिरांची ४९ ते ८१ टक्क्यांची, म्हणजे त्या एकमेकींवर चढत नाहीत. त्यामुळे एकीवरून दुसरीवर कट केला की दोन स्वतंत्र कॅमेरे असल्याचा भास होतो. चौकटी एकमेकींवर बऱ्याच चढत असत्या, उदाहरणार्थ दोघे अगदी जवळ बसले असते, तर त्याच कटमध्ये मागची भिंत किंवा तोच खांदा दोन्हीकडे दिसला असता आणि चित्राने बाजूला उडी मारल्यासारखे वाटले असते. अशा वेळी एका चौकटीचा आकार पंधरा-वीस टक्क्यांनी बदलून ती अधिक जवळची करावी किंवा एकत्र चित्राचा पर्याय घ्यावा, ज्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आवाजाला हात लावण्याची गरज नाही. चित्रणाचा एकही फ्रेम गाळलेला नसतो, फक्त त्याच क्षणाचा कोणता भाग दाखवायचा हे बदललेले असते. प्रत्यक्षात करायचे एवढेच: क्लिप हव्या त्या जागी रेझरने तोडायची आणि प्रत्येक तुकड्याला दोनपैकी एक Position द्यायची. कीफ्रेम लागत नाहीत. बोलणारा बदलला की चौकट बदललीच पाहिजे, असाही नियम नाही. निवेदिकेचा प्रश्न दोन शब्दांचा असेल, तर चौकट कारागिरांवरच ठेवावी, कारण प्रश्न ऐकताना त्यांचा चेहरा काय करतो हे जास्त मोलाचे असते. दोन सेकंदांपेक्षा लहान तुकडे एकामागून एक आले की चित्र अस्वस्थ वाटू लागते.

घड्याळ हातातून हातात जाते तो क्षण

सर्वांत अवघड क्षण हाच, कारण या वेळी विषय एका चौकटीतून निघून दुसरीत जातो. घड्याळ ५८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येते आणि त्याला साधारण एक सेकंद, म्हणजे पंचवीस फ्रेम लागतात असे धरू. बरेच जण इथे चौकटच हाताबरोबर डावीकडे सरकवतात. पण चित्रण स्थिर कॅमेऱ्याचे असल्यामुळे मागची भिंत प्रत्येक फ्रेममध्ये अगदी स्पष्ट असते. खरा कॅमेरा फिरला असता, तर ती हालचालीने धूसर झाली असती. स्पष्ट भिंत वेगाने सरकली की ती अडखळत, ठिपक्याठिपक्यांनी पुढे गेल्यासारखी दिसते. म्हणून इतक्या वेगाने चौकट सरकवण्यापेक्षा कट करणे कितीतरी चांगले.

कट कुठे करायचा हेही मोजून ठरवता येते. घड्याळ एका फ्रेममध्ये रुंदीच्या एक टक्क्याहून थोडे अधिक अंतर कापते. कारागिरांच्या चौकटीची डावी कड ४९ टक्क्यांवर आहे आणि निवेदिकेच्या चौकटीची उजवी कड ४४ टक्क्यांवर, म्हणजे मधले पाच टक्के अंतर पार करायला घड्याळाला सुमारे पाच फ्रेम लागतात. घड्याळ कारागिरांच्या चौकटीच्या डाव्या कडेला स्पर्श करते त्या फ्रेमवर कट केला, तर निवेदिकेच्या चौकटीत पहिले पाच फ्रेम फक्त तिचा पुढे आलेला हात दिसतो आणि मग उजवीकडून घड्याळ आत येते. या हालचालीचा धागा प्रेक्षकाचा डोळा स्वतःच जोडतो. घड्याळ चौकटीबाहेर गेल्यावर कारागिरांवर आणखी दहा-बारा फ्रेम थांबलो, तर निवेदिकेची चौकट येते तेव्हा घड्याळ तिच्या तळहातापर्यंत पोहोचलेले असते आणि ते दिले गेले तो क्षण मात्र दिसलेलाच नसतो. हा दोष ओळखण्यासाठी आवाज बंद करून तेवढाच भाग पाहावा. घड्याळ कोणी कोणाला दिले हे चित्रावरून कळले पाहिजे.

चौकट सरकवावीच लागते तेव्हा

माणूस उठून चालू लागला, फळ्यावर लिहीत पुढे सरकला किंवा खेळाडू धावला, तर चौकट त्याच्याबरोबर न्यावीच लागते. इथे मुख्य दोष होतो तो अति पाठलागाचा. बोलताना माणसाचे डोके सतत थोडे हलते. त्या प्रत्येक हालचालीमागे चौकट गेली, तर सगळी पार्श्वभूमी डोलू लागते. चौकटीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना तिच्या रुंदीच्या साधारण सहाव्या भागाएवढे अंतर विषयाला मुभा म्हणून द्यावे. त्या पट्ट्यात तो कितीही हलला, तरी चौकट स्थिर ठेवावी.

तो पट्ट्याबाहेर गेला, तर एका हालचालीसाठी दोनच कीफ्रेम द्यावेत, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा, आणि दोन्हींना Ease Out व Ease In लावावे. सुरुवातीचा कीफ्रेम विषय हलल्यावर तीन-चार फ्रेमनी द्यावा आणि शेवटचा तो थांबल्यावर सहा-आठ फ्रेमनी. कुशल कॅमेरामनही विषयाच्या किंचित मागून येतो, आणि म्हणूनच अशी हालचाल नैसर्गिक वाटते. मधे कीफ्रेम भरत गेले की वेग कमी-जास्त होतो आणि चौकट चाचपडत चालल्यासारखी दिसते. Position ला दोन सारखेच आकडे देऊनही त्यांच्या मधल्या काळात चित्र हळूच तरंगत असेल, तर कीफ्रेमवर उजवी क्लिक करून Spatial Interpolation मध्ये Linear निवडावे. मूळ व्यवस्था मार्गाला वळण देते, आणि हा तरंग त्यातूनच येतो.

Auto Reframe सारखी स्वयंचलित सोय लांब चित्रणाचा पहिला खर्डा करण्यापुरती उपयोगी आहे. ती मुख्य हालचाल शोधून कीफ्रेम टाकते, आणि बैठ्या मुलाखतीसाठी तिचा Slower Motion हा पर्याय निवडावा. मात्र आपल्या उदाहरणासारख्या दोन माणसांच्या शॉटमध्ये ती कधी एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे वाहत जाते, कधी दोघांच्या मध्ये टेबलावर थांबते. या क्षणी चेहरा महत्त्वाचा की हातातले घड्याळ, हे तिला ठरवता येत नाही. असे तुकडे सापडले की तिचे कीफ्रेम दुरुस्त करत बसू नये. ते पुसून, वर सांगितल्याप्रमाणे स्थिर चौकट द्यावी. वेळ त्यातच वाचतो.

दोघेही एकाच वेळी हवे असतील तर

घड्याळ चालू झाल्यावर दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी आनंद उमटतो. इथे कट केला, तर एकाचा आनंद आधी आणि दुसऱ्याचा नंतर दिसतो आणि त्या क्षणाची एकत्रता जाते. म्हणून चौकट वर-खाली विभागावी, प्रत्येक भाग १०८० × ९६० चा. फोर-के चित्रण १०० टक्क्यांवर ठेवले, तर प्रत्येक भागात मूळ रुंदीचा २८ टक्के आणि उंचीचा ४४ टक्के भाग येतो, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत एक व्यक्ती नीट बसते. Crop इफेक्टचे आकडे जुळवत बसण्यापेक्षा १०८० × ९६० चे दोन छोटे सिक्वेन्स करावेत, प्रत्येकात एक व्यक्ती बसवावी आणि मग ते दोन्ही उभ्या टाइमलाइनवर एकावर एक ठेवावेत. त्यामुळे एका भागाचे चित्र दुसऱ्यात घुसत नाही. दोन्ही चेहऱ्यांचा आकार आणि डोळ्यांची उंची आपापल्या भागात सारखी ठेवावी. वरची व्यक्ती उजवीकडे आणि खालची डावीकडे पाहत असेल, तर त्या एकमेकींशी बोलत आहेत हे कळते. एखाद्याचे चित्र आरशासारखे उलटवून नजरा जुळवण्याचा प्रयत्न करू नये, कारण कपड्यांवरची अक्षरे उलटतात आणि माणूस डावखुरा होतो. ही मांडणी तीन-चार सेकंदांच्या क्षणासाठी उत्तम आहे. पूर्ण व्हिडिओ तिच्यात ठेवला, तर मोबाइलवर दोन्ही चेहरे कायम लहान राहतात.

नकाशा, आलेख किंवा वाद्यावर पसरलेले दोन्ही हात दाखवायचे असतील, तर रुंदीच महत्त्वाची असते आणि तिचे तुकडे करता येत नाहीत. अशा वेळी पूर्ण आडवे चित्र उभ्या चौकटीत बसवावे. त्याची उंची जेमतेम ६०७ पिक्सेल राहते, म्हणून हा मार्ग नाइलाज असेल तेव्हाच घ्यावा. बहुधा मधला मार्ग पुरतो. १०८० × १०८० चा चौरस घेतला, तर मूळ रुंदीचा ५६ टक्के भाग दिसतो, आणि ४:५ प्रमाण घेतले, तर ४५ टक्के. आपल्या उदाहरणातले दोन्ही चेहरे, म्हणजे ४६ टक्क्यांचे अंतर, चौरसात मावतात. मूळ चित्रण १९२० × १०८० चे असेल, तर चौरस हा मला सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो, कारण १०८० पिक्सेल उंचीचे चित्र त्यात अजिबात न ताणता जसेच्या तसे बसते. वर-खाली उरलेल्या जागेत त्याच चित्राची धूसर प्रत टाकण्याची पद्धत रुळली आहे, पण ती प्रत सतत हलत राहते आणि लक्ष वेधून घेते. साधा गडद रंग ठेवावा, वर शीर्षक आणि खाली उपशीर्षके द्यावीत. धूसर प्रतच हवी असेल, तर ती निम्म्याहून अधिक काळी करावी.

खालची पट्टी आणि हात

इथवर आडव्या अक्षाचा विचार झाला, पण विषय झाकला जाण्याचे आणखी एक कारण उभ्या अक्षावर आहे. प्लॅटफॉर्मची बटणे, खात्याचे नाव आणि वर्णन चित्रावरच येतात. रील जाहिरातींसाठी मेटाच्या सूचनांत वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६ टक्के भाग मजकूर आणि चिन्हांपासून मोकळे ठेवायला सांगितले आहे. साध्या पोस्टसाठीही हीच सीमा धरून चालावे. १९२० पिक्सेल उंचीत वरून २६९ आणि १२४८ या दोन रेषा गाइड म्हणून आखून घ्याव्यात.

आपल्या उदाहरणात कारागिरांचा चेहरा मूळ उंचीच्या २५ टक्क्यांवर आणि घड्याळ ७० टक्क्यांवर आहे. ८८.९ टक्क्यांवर घड्याळ वरून १३४४ व्या पिक्सेलवर येते, म्हणजे सीमारेषेच्या बरेच खाली, नेमके वर्णनाच्या ओळींमागे. फोर-केमधली राखीव मोकळीक इथे कामी येते. Scale १०० टक्के करावे, Position चा दुसरा आकडा ९६० ऐवजी ८४० करून चित्र शक्य तेवढे वर उचलावे आणि पहिला आकडा उणे ३६ करावा, म्हणजे मध्यबिंदू पूर्वीच्याच जागी राहतो. आता घड्याळ १२७२ वर आणि चेहरा ३०० वर येतो. चेहरा वरच्या सीमेच्या आत आहे आणि घड्याळ खालच्या रेषेला जवळजवळ टेकले आहे. घड्याळ आणखी वर न्यायचे, तर चित्र आणखी मोठे करावे लागेल आणि मग चेहरा वरून कापला जाईल. म्हणून झाकण उघडतानाच्या पाच-सहा सेकंदांसाठी चेहरा सोडून द्यावा, चित्र १३० टक्क्यांपर्यंत न्यावे आणि फक्त हात दाखवावेत. एवढा ताण मोबाइलवर खटकत नाही. चेहरा आणि हात दोन्ही अर्धवट दाखवण्यापेक्षा एकच पण पूर्ण दाखवलेला केव्हाही बरा. १०० टक्क्यांवर चौकट थोडी अरुंद होऊन तिची डावी कड ५१ टक्क्यांवर येते, म्हणून घड्याळ देण्याच्या कटमधला रिकामा काळ एक-दोन फ्रेमनी वाढतो, तेवढे लक्षात ठेवावे.

तपासणी आणि फाइल

पूर्ण व्हिडिओ एकदा फक्त डाव्या कडेवर नजर ठेवून आणि एकदा फक्त उजव्या कडेवर नजर ठेवून पाहावा. अर्धा कान, समोरच्याचे नाक, अचानक आत डोकावणारे कोपर किंवा माइकचा दांडा मधोमध पाहणाऱ्या डोळ्याला दिसत नाही. असे काही सापडले की बहुधा चौकट दोन-तीन टक्के सरकवून प्रश्न सुटतो. त्यानंतर मूळ आडवा व्हिडिओ शेजारी लावून, बोलण्यात ज्या वस्तूचा उल्लेख येतो ती त्या क्षणी उभ्या चौकटीत आहे ना, हे पाहावे. "हे बघा" असे शब्द जिथे जिथे येतात, तिथे थांबून खात्री करावी. शेवटची तपासणी मोबाइलवर, प्लॅटफॉर्मच्या अ‍ॅपमध्ये मसुदा म्हणून चढवून करावी, कारण बटणे आणि वर्णन कुठे येते ते तिथेच खरे कळते.

एखाद्या तुकड्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्थिर चौकट पुरत असेल, तर संपादन सॉफ्टवेअर उघडण्याचीही गरज नाही. ffmpeg या मजकुरी आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फोर-के फाइलमधून कारागिरांची चौकट कापण्याची आज्ञा अशी:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "crop=1214:2160:1888:0,scale=1080:1920,setsar=1" -c:a copy out.mp4
```

यातला १८८८ हा चौकटीच्या डाव्या कडेचा आकडा आहे. मध्यबिंदू ०.६५ गुणिले ३८४० म्हणजे २४९६, त्यातून चौकटीची अर्धी रुंदी, म्हणजे ६०७, वजा केली की १८८९ येतो आणि त्याच्या जवळचा सम आकडा १८८८ घेतला आहे. हा आकडा सम ठेवावा, कारण नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलच्या जोडीने साठवलेली असते.

मुखचित्र वेगळे निवडावे. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर जानेवारी २०२५ पासून चित्रे ३:४ प्रमाणात दिसतात, म्हणजे उभ्या फ्रेमच्या वरचे आणि खालचे २४० पिक्सेल तिथे कापले जातात. दोघांच्या विभागलेल्या चौकटीतला फ्रेम मुखचित्र म्हणून घेतला, तर वरच्या व्यक्तीचे डोके त्या कापणीत जाऊ शकते. कारागीर आणि घड्याळ एकत्र असलेला १०० टक्क्यांचा फ्रेम घ्यावा. त्यात चेहरा ३०० वर आणि घड्याळ १२७२ वर असल्याने दोन्ही २४० ते १६८० च्या पट्ट्यात येतात.